‘आशियातील सर्वांत जुना’ हा दावा कागदांवर कसा तपासायचा: मुंबई शेअर बाजाराचे उदाहरण

प्रसिद्धिपत्रकाच्या तळाशी एक ठरलेला परिच्छेद असतो. वरची बातमी कोणतीही असो, खाली कंपनीची ओळख तीच राहते: स्थापना अमुक साली, या धंद्यातली सर्वांत जुनी, देशातली सर्वांत मोठी. बातमी लिहिणारा वरचा मजकूर पारखतो आणि खालचा परिच्छेद तसाच उचलतो. मी मुद्रितशोधनाचे काम शिकत होतो तेव्हा एका सराफी पेढीच्या शतकमहोत्सवाचा मजकूर असाच माझ्या हातून पुढे गेला. अंक निघाल्यावर गावातल्या एका वृद्ध वाचकाचे पत्र आले. छापलेले साल पेढीच्या संस्थापकाचे वडील गावात येऊन कारागिरी करू लागले त्या वर्षाचे होते. बाजारपेठेतले दुकान त्यानंतर वीसेक वर्षांनी उघडले. घराण्याचा धंदा आणि दुकान या दोन वेगळ्या गोष्टी आम्ही एकाच सालात कोंबल्या होत्या. तेव्हापासून ‘सर्वांत’ हा शब्द दिसला की मी पेन्सिल उचलतो.

हे काम नव्याने करणाऱ्यांसाठी मी ते एकाच उदाहरणावर सविस्तर दाखवतो. उदाहरण मुद्दाम मुंबई शेअर बाजाराचे, म्हणजे बीएसईचे निवडले आहे. ‘सर्वांत जुना’ आणि ‘सर्वांत मोठा’ हे दोन्ही दावे या एकाच संस्थेबद्दल केले जातात, तिचे कागद मुंबईत आणि इंटरनेटवर सापडतात, आणि दावा खोटा नसतानाही तपासायला किती गोष्टी निघतात ते त्यात छान दिसते.

आधी वाक्य उतरवून घ्या

दावा आठवणीतून लिहू नका. कंपनीच्या संकेतस्थळावरून, वार्षिक अहवालातून किंवा प्रसिद्धिपत्रकातून तो शब्दशः उतरवा आणि शेजारी तारीख टाका. बीएसईच्या बाबतीत दोन वाक्ये फिरताना दिसतील. एकात ते ‘आशियातील पहिले’ शेअर बाजार आहे, दुसऱ्यात ‘आशियातील सर्वांत जुने’. वाचताना दोन्ही सारखीच वाटतात, पण तपासणाऱ्यासाठी ती दोन वेगळी वाक्ये आहेत. ‘पहिले’ म्हणजे त्याआधी असे काही नव्हतेच. मग आधी सुरू होऊन बंद पडलेल्या बाजारांचाही शोध घ्यावा लागतो. ‘सर्वांत जुने’ म्हणजे आज जिवंत असलेल्यांत जुने. त्यात मेलेले प्रतिस्पर्धी आपोआप बाद होतात. खाली इस्तंबूलचे उदाहरण येईल तेव्हा हा फरक किती मोठा आहे ते दिसेल.

वाक्यातल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा. ‘शेअर बाजार’ म्हटले आहे की नुसता ‘बाजार’? नुसता ‘बाजार’ असेल तर जपानमधल्या ओसाकाचा दोजिमा तांदूळ बाजार पुढे येतो. त्याला तिथल्या शोगुनशाहीने १७३० साली अधिकृत मान्यता दिली होती आणि तिथे पुढच्या तारखेच्या तांदळाचे सौदे होत. शेअर तिथे विकले जात नव्हते, म्हणून ‘शेअर बाजार’ हा शब्द असेपर्यंत दोजिमा स्पर्धेत नाही. ‘आशिया’ म्हणजे नेमके कुठपर्यंत, ‘जुने’ कोणत्या घटनेपासून मोजायचे, हे प्रश्नही इथेच वहीत मांडून ठेवा.

मग कंपनीचा जन्मदाखला पाहा

भारतातल्या प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला एकवीस अक्षरांचा एक ओळख क्रमांक असतो. त्याला सीआयएन म्हणतात. कंपनीच्या पत्रव्यवहारावर आणि वार्षिक अहवालावर तो छापावाच लागतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in या संकेतस्थळावर ‘Company Master Data’मध्ये नाव टाकले की तो क्रमांक आणि ‘Date of Incorporation’ म्हणजे कंपनी म्हणून नोंदणीची तारीख, दोन्ही मिळतात. बीएसईचा क्रमांक असा आहे:

```
L67120MH2005PLC155188
```

डावीकडून वाचत जा. पहिले अक्षर L म्हणजे कंपनीचे शेअर एखाद्या शेअर बाजारात सूचिबद्ध, म्हणजे खरेदी-विक्रीसाठी यादीत नोंदलेले, आहेत. सूचिबद्ध नसते तर तिथे U आले असते. पुढचे पाच अंक धंद्याचा प्रकार सांगतात. MH म्हणजे महाराष्ट्रात नोंदणी. त्यानंतरचे चार अंक म्हणजे नोंदणीचे वर्ष: २००५. PLC म्हणजे पब्लिक लिमिटेड कंपनी, आणि शेवटचे सहा अंक हा निबंधकाकडचा नोंदणी क्रमांक.

इथे नवखा माणूस हमखास दचकतो. १८७५ची म्हणवणारी संस्था २००५ची निघाली! बरेच जण इथेच ‘दावा खोटा’ असा शेरा मारून मोकळे होतात, आणि ती घाई आहे. सीआयएनमधले साल फक्त एवढेच सांगते की ही विशिष्ट कंपनी, या कायदेशीर रूपात, तेव्हा नोंदवली गेली. भागीदारी पेढीची कंपनी झाली, संघाची कंपनी झाली, धंदा नव्या कंपनीकडे सोपवला, तर नवे साल येते. तुलनेसाठी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा क्रमांक पाहा: L99999MH1863PLC000002. इथे स्थापनेचे साल आणि कंपनी नोंदणीचे साल एकच आहे, १८६३, आणि नोंदणी क्रमांक दोन आहे. अशा कंपनीबाबत जन्माचा वाद जवळपास मिटलेला असतो. बीएसईबाबत मात्र २००५च्या मागे जाणारी साखळी कड्या-कड्यांनी जोडून दाखवावी लागते.

आणखी दोन खबरदाऱ्या. खासगी कंपनी पब्लिक झाली किंवा नोंदणी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलली तर क्रमांकातली अक्षरे बदलतात, साल बदलत नाही. आणि तपासायची संस्था कंपनीच नसेल, तर मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ती सापडणार नाही. भागीदारी पेढ्या निबंधक, भागीदारी संस्था यांच्याकडे नोंदवलेल्या असतात, सहकारी संस्था सहकार खात्याकडे. जुन्या दुकानांसाठी व्यापारचिन्ह नोंदणीचा अर्ज फार कामाचा ठरतो. त्यात ‘हे नाव केव्हापासून वापरतो’ ती तारीख अर्जदाराला द्यावी लागते आणि जुन्या वापराचा दावा करायचा असेल तर २०१७च्या नियमांनुसार प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात. पाटीवरचे साल आणि शपथेवर दिलेले साल वेगळे निघाले तर मी शपथेवरचे धरतो.

जन्माच्या सगळ्या तारखा एका ओळीत मांडा

जुन्या संस्थेला एक जन्मतारीख नसते, चार-सहा असतात. वहीचे एक पान घेऊन त्या उतरवा आणि प्रत्येकीसमोर नेमके काय घडले ते लिहा. मुंबई शेअर बाजाराचे पान असे भरते.

१८५०च्या दशकात टाउन हॉलसमोर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या परिसरात, वडाच्या झाडाखाली दलाल जमत आणि सौदे करत. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशातून शेअरचा प्रचंड सट्टा उसळला. प्रेमचंद रायचंद हे त्या काळातले सर्वांत गाजलेले नाव. १८६५मध्ये युद्ध संपताच तो फुगा फुटला. दलाल मात्र राहिले. १८७४मध्ये ते ज्या गल्लीत स्थिरावले ती दलाल स्ट्रीट. ९ जुलै १८७५ रोजी त्यांनी ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ हा संघ स्थापला. स्थापनादिन म्हणून हाच दिवस पाळला जातो. ३ डिसेंबर १८८७ रोजी या संघाचा रीतसर दस्त झाला. मुंबई सरकारच्या १९२५च्या कायद्याखाली १९२७मध्ये सरकारी मान्यता मिळाली. ३१ ऑगस्ट १९५७ रोजी केंद्र सरकारच्या रोखे करार नियमन कायद्याखाली मान्यता मिळाली. आणि ऑगस्ट २००५मध्ये संघाचे कंपनीत रूपांतर झाले. २०११पासून त्या कंपनीचे नाव नुसते ‘बीएसई लिमिटेड’ आहे.

म्हणजे ‘स्थापना कधी?’ या प्रश्नाला निदान पाच प्रामाणिक उत्तरे आहेत. माझ्या मते शेअर बाजारासाठी १८७५ हे योग्य साल आहे. झाडाखाली जमणाऱ्यांना सभासदत्व नव्हते आणि ते सामाईक नियमांनी बांधलेले नव्हते, म्हणून तो बाजार होता, संस्था नव्हती. १८७५मध्ये संघ झाला. पण हे माझे मत आहे, आणि ते मत आहे असे लिहूनच पुढे जायचे, कारण १८८७ धरणाऱ्याकडेही चांगले कारण आहे: नियम कागदावर बांधले गेल्याचा दस्त त्या वर्षाचा आहे.

आता साखळी. २००५ची कंपनी आणि १८७५चा संघ एकच, हे कशावरून? इथे कंपनीच्या गौरवग्रंथावर विसंबू नका. सूचिबद्ध कंपन्यांसाठी सर्वांत उपयोगी कागद म्हणजे शेअर विक्रीला काढताना सेबी या शेअर बाजारांच्या नियामक संस्थेकडे दाखल केलेला प्रस्ताव. बीएसईची शेअर विक्री जानेवारी २०१७मध्ये झाली, त्यामुळे तिचाही असा प्रस्ताव आहे. sebi.gov.in वर ‘Filings’खाली हे प्रस्ताव मिळतात. त्यात ‘History and Certain Corporate Matters’ नावाचे प्रकरण असते; तेवढे वाचले तरी पुरते. तिथे रूपांतराची योजना, जुन्या नावांचे बदल आणि त्यांच्या तारखा क्रमाने दिलेल्या असतात. चुकीची माहिती दिली तर संचालकांवर कायदेशीर जबाबदारी येते, म्हणून वकील तिथे शब्द मोजून वापरतात. जाहिरातीत ‘सर्वांत जुनी’ असलेली कंपनी या प्रकरणात अचानक ‘जुन्या कंपन्यांपैकी एक’ झालेली दिसली, तर ती खूण समजा.

याच प्रस्तावात ‘सर्वांत मोठी’ हा शब्द दिसला तर त्याचे मूळ शोधा. बहुतेक वेळा तो एखाद्या बाजारपेठ अभ्यास संस्थेच्या अहवालातून आलेला असतो, आणि तो अहवाल कंपनीने पैसे देऊन करवून घेतला असल्याचे त्याच कागदात कुठेतरी लिहिलेले असते. अहवाल त्यामुळे टाकाऊ ठरत नाही, पण त्याला स्वतंत्र साक्षीदार म्हणता येत नाही.

२००५च्या मागे जायचे तर सरकारी कागद लागतात. मान्यतेच्या अधिसूचना राजपत्रात छापल्या जातात. मुंबईच्या शेअर बाजारावर सरकारने दोनदा चौकशी समित्या नेमल्या: १९२३-२४ची ॲटली समिती आणि १९३६-३७ची मॉरिसन समिती. असे अहवाल मला फार आवडतात, कारण संस्थेचे गुणगान करण्याचे त्यांना काही कारण नसते. मुंबईत असाल तर काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार आणि टाउन हॉलमधले एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय ही दोन ठिकाणे गाठा. जाताना ‘शेअर बाजाराचा इतिहास हवा’ असे म्हणू नका. नाव आणि साल घेऊन जा: ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन, १८७५ ते १८९०’. त्या काळात ‘बॉम्बे स्टॉक एक्स्चेंज’ हे नाव शोधाल तर हाती थोडेच लागेल. जुन्या नावाने शोधणे हीच या कामातली अर्धी युक्ती आहे.

एकाच विहिरीचे पाणी दहा घागरींत

तारखा गोळा करताना एक अनुभव नक्की येईल. दहा ठिकाणी तेच साल, तेच शब्द. दहा साक्षीदार मिळाले म्हणून आनंद होतो, पण ते सगळे एकाच प्रसिद्धिपत्रकातून निघालेले असतात. वर्तमानपत्राने ते छापले, ज्ञानकोशात वर्तमानपत्राचा हवाला दिला गेला आणि पुढच्या वर्षी कंपनीने ज्ञानकोश दाखवला. ओळखायचे कसे? वाक्यरचना जुळते का पाहा, आणि चूक जुळते का पाहा. स्वतंत्र साक्षीदारांच्या चुका वेगवेगळ्या असतात. नकलेची चूकही नक्कलच असते.

इथे एक खरे उदाहरण आहे. मुंबई शेअर बाजाराला केंद्र सरकारची कायमची मान्यता १९५६मध्ये मिळाली, असे अनेक ठिकाणी छापलेले दिसते. रोखे करार नियमन कायद्याच्या नावात १९५६ आहे, म्हणून ते पटतेही. पण तो कायदा अमलात आला २० फेब्रुवारी १९५७ रोजी. जो कायदा लागूच झाला नव्हता त्याच्याखाली मान्यता कशी मिळेल? ती मिळाली १९५७च्या ऑगस्टमध्ये. कोणीतरी कधीतरी कायद्याचे साल मान्यतेचे साल समजून लिहिले आणि ते पुढे चालत राहिले. या चुकीने मूळ दाव्याला धक्का लागत नाही, पण कोणता मजकूर कोणावरून उतरवला आहे ते ती लगेच दाखवते. म्हणून कायद्याचा हवाला आला की दोन तारखा पाहायची सवय लावा: कायदा मंजूर कधी झाला आणि लागू कधी झाला.

प्रतिस्पर्ध्याला तीच फूटपट्टी लावा

आतापर्यंतचे काम बहुतेक लोक करतात. इथून पुढचे फार थोडे करतात, आणि ‘सर्वांत’ या शब्दाची खरी परीक्षा इथेच होते. कंपनी स्वतःचे साल सर्वांत मागच्या घटनेपासून मोजते आणि इतरांची साले त्यांच्या आजच्या रूपापासून मोजलेली असतात. स्वतःसाठी आजोबांचे साल आणि शेजाऱ्यासाठी नातवाचे, अशी ही तुलना होते. म्हणून प्रतिस्पर्ध्यांचीही तशीच पाने भरा.

आशियात खरे प्रतिस्पर्धी तीन. पहिले तोक्यो. मे १८७८मध्ये जपान सरकारने शेअर बाजारांसाठी नियम काढले आणि त्याच वर्षी तोक्यो शेअर बाजार परवान्यानिशी स्थापन झाला. दुसरे ओसाका; तिथला बाजारही १८७८चाच. युद्धकाळात, १९४३मध्ये, जपानमधले सगळे शेअर बाजार सरकारने एकाच संस्थेत विलीन केले, आणि आजचा तोक्यो शेअर बाजार १९४९मध्ये नव्याने उभा राहिला.

तिसरे इस्तंबूल, आणि हे सर्वांत अवघड. तिथल्या उस्मानी काळातल्या रोखे बाजाराची सुरुवात काही ठिकाणी १८६६ची दिली जाते, काही ठिकाणी १८७३ची. कोणतेही धरले तरी ते १८७५च्या आधीचे आहे. पुढे त्या बाजाराची नावे आणि कायदे अनेकदा बदलले. इस्तंबूल शेअर बाजार आजच्या अर्थाने डिसेंबर १९८५मध्ये स्थापन झाला आणि जानेवारी १९८६मध्ये तिथे व्यवहार सुरू झाले. शिवाय जुना बाजार होता गलाता भागात, आणि गलाता बॉस्फरस सामुद्रधुनीच्या युरोपीय काठावर आहे. म्हणजे तो आशियात मोजायचा की नाही हा नकाशाचा प्रश्न आहे.

आता फूटपट्टी फिरवून पाहा. संघ किंवा संस्था म्हणून पहिली स्थापना हे माप धरले, तर मुंबई १८७५, तोक्यो आणि ओसाका १८७८: मुंबई तीन वर्षांनी पुढे. रीतसर दस्त किंवा परवाना हे माप धरले, तर मुंबई १८८७ आणि तोक्यो १८७८: तोक्यो नऊ वर्षांनी पुढे. सरकारी मान्यता हे माप धरले तर मुंबई १९२७, आणि तोक्यो त्याहून कितीतरी आधी. अखंड चाललेली संस्था हे माप धरले, तर तोक्योची सलगता १९४३मध्ये तुटते आणि इस्तंबूलचीही जुन्या बाजारापासून जोडून दाखवावी लागते; मुंबई पुन्हा पुढे. आजची कायदेशीर कंपनी हे माप धरले, तर सगळेच अलीकडचे आणि दाव्याला अर्थच उरत नाही.

पाहा, इस्तंबूलच्या सुरुवातीचे साल सोडले तर यातली एकही तारीख वादाची नाही. वाद फक्त मापाचा आहे. त्यामुळे निष्कर्ष ‘खरे’ किंवा ‘खोटे’ असा एका शब्दात निघत नाही. तो मापासकट लिहावा लागतो. ‘आशियातील सर्वांत जुना, आजही चालू असलेला शेअर बाजार’ हे वाक्य मी १८७५च्या आधारावर बिनधास्त छापीन. ‘आशियातील पहिला शेअर बाजार’ हे छापताना मी थांबेन, कारण ‘पहिला’ म्हटले की इस्तंबूल दार ठोठावते आणि त्याला बाहेर ठेवायला गलाताच्या काठाचा आधार घ्यावा लागतो. एवढ्या बारीक आधारावर इतका मोठा शब्द उभा करू नये, असे मला वाटते. भारतापुरते बोलायचे तर मात्र काहीच अडचण नाही: अहमदाबादचा बाजार १८९४चा आणि कोलकात्याचा १९०८चा. १८८७ धरले तरी मुंबईच आधी.

‘सर्वांत मोठा’ म्हणजे कशात?

जुनेपणाचा दावा एकदा तपासला की टिकतो. मोठेपणाचा दावा दर महिन्याला शिळा होतो, म्हणून त्याला तीन गोष्टी लागतात: कशात मोठा, कोणत्या तारखेला, आणि मोजले कोणी.

सूचिबद्ध कंपन्यांच्या संख्येत मुंबई शेअर बाजार जगात सर्वांत मोठा, असे सांगितले जाते. पाच हजारांहून जास्त कंपन्या तिथे सूचिबद्ध आहेत, आणि या मापात तो खरोखरच जगातल्या पहिल्या रांगेत असतो. जगभरच्या शेअर बाजारांची संघटना, वर्ल्ड फेडरेशन ऑफ एक्स्चेंजेस, दर महिन्याला अशी आकडेवारी काढते; एकमेकांशी तुलना करायला तीच बरी, कारण तिथे सगळ्यांना एकच व्याख्या लावण्याचा प्रयत्न असतो. कंपनीने दिलेला स्वतःचा आकडा आणि प्रतिस्पर्ध्याच्या संकेतस्थळावरचा आकडा शेजारी ठेवून तुलना करू नका. दोघांची मोजणी वेगळी असते.

मग त्या संख्येच्या आत डोकवा. सूचिबद्ध म्हणजे रोज खरेदी-विक्री होणारी असे नव्हे. कितीतरी कंपन्यांचे व्यवहार स्थगित असतात, तरी त्या यादीत राहतात. ऑगस्ट २०१७मध्ये बीएसईने दहा वर्षांहून जास्त काळ व्यवहार स्थगित असलेल्या २०० कंपन्या एकाच वेळी यादीतून काढल्या. म्हणजे त्या निघेपर्यंत दहा वर्षे त्या ‘सूचिबद्ध’ या आकड्यात मोजल्या जाऊ शकत होत्या. बाजाराच्या संकेतस्थळावर स्थगित कंपन्यांची यादी वेगळी मिळते. एकूण आकड्यातून ती वजा करून दोन्ही आकडे लिहिले की वाचकाला चित्र कळते.

आता माप बदला. रोजच्या उलाढालीत बीएसई मोठा नाही. भारतात शेअरच्या रोख व्यवहारांचा बहुतांश भाग राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईमध्ये होतो. बाजारमूल्याचे माप तर फारच फसवे आहे. ‘बीएसईवरील कंपन्यांचे एकूण बाजारमूल्य इतके लाख कोटी’ हा आकडा रोज छापला जातो, पण मोठ्या कंपन्या दोन्ही बाजारांत सूचिबद्ध असतात आणि त्यांचे मूल्य दोन्हीकडे पूर्ण मोजले जाते. दोन्ही बाजारांचे आकडे जवळजवळ सारखे दिसतात ते यामुळेच. दोन दुकानांनी एकाच गोदामातला माल आपापल्या नावावर मोजावा, तसा हा प्रकार आहे. दोन्ही आकडे कधीही बेरजेत घेऊ नका.

आणि बीएसईला जे लागू ते एनएसईलाही. वायदा व्यवहारांत एनएसई जगात सर्वांत मोठा म्हटला जातो, तेव्हा मोजलेली असते करारांची संख्या. करार लहान आकाराचे असले की संख्या फुगते. पैशांत मोजले तर क्रम वेगळा लागू शकतो. कोणताही धंदा घ्या, हाच प्रश्न विचारायचा: नग मोजले, रुपये मोजले, शाखा मोजल्या की ग्राहक? सहकारी बँक ठेवींत पहिली असेल आणि शाखांत तिसरी. दोन्ही खरे असते, आणि जाहिरातीत फक्त पहिले येते.

कंपनीला विचारा, पण लेखी विचारा

कागद पाहून झाल्यावर कंपनीला एक छोटे पत्र किंवा ईमेल पाठवा. फोनवर ‘हो हो, तसेच आहे’ एवढेच ऐकायला मिळते. मी तीनच प्रश्न विचारतो. हे साल कोणत्या घटनेचे आहे आणि त्या घटनेचा कोणता कागद तुमच्याकडे आहे? तेव्हाची संस्था आणि आजची कंपनी यांना जोडणारा दस्त कोणता? ‘सर्वांत मोठी’ हे कोणत्या मापात, कोणत्या तारखेच्या कोणाच्या आकडेवारीवर? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना अनेकदा दावाच बदलतो. ‘देशातली सर्वांत मोठी’ची ‘पश्चिम भारतातल्या संघटित क्षेत्रातली’ होते. तो बदललेला दावा मी छापतो, कारण तो कंपनीने स्वतः लिहून दिलेला असतो.

उत्तर आलेच नाही आणि जाहिरात मात्र चालू राहिली, तर ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेकडे कोणीही सामान्य ग्राहक तक्रार करू शकतो. तिच्या नियमांनुसार जाहिरातीतला पडताळता येण्याजोगा दावा सिद्ध करण्याची जबाबदारी जाहिरातदाराची असते; तक्रार करणाऱ्याने तो खोटा पाडून दाखवायची गरज नसते. तक्रारीत जाहिरातीची प्रत, ती दिसल्याची तारीख आणि तुम्हाला सापडलेला विरोधी कागद एवढे जोडा.

शेवटी वहीतल्या त्या पानावर स्वतःचा निष्कर्ष आणि तपासाची तारीख लिहा. मुंबई शेअर बाजाराच्या माझ्या पानावर आज अशी ओळ आहे: ‘सर्वांत जुना, चालू, आशिया: १८७५ व अखंडता धरून मान्य. १८८७ धरल्यास तोक्यो व ओसाका १८७८ आधी. “पहिला” वापरू नये, इस्तंबूल पाहा. सूचिबद्ध संख्या: आकडा छापताना महिना लिहिणे, स्थगित वेगळे.’